आजीचा चेहरा अडीच मिलिमीटरमध्ये

आईच्या साठीला काय द्यायचं म्हणून कपाट धुंडाळताना आजीचा एक स्टुडिओत काढलेला फोटो हाती लागला. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा, नऊवारी, नाकात नथ, मागे रंगवलेला पडदा. घरात थ्रीडी प्रिंटर होता, म्हणून याचं लिथोफेन करायचं ठरवलं. फोटो पांढऱ्या प्लास्टिकच्या पातळ-जाड पाटीत उतरवायचा. जिथे उजेड हवा तिथे पाटी पातळ, जिथे अंधार हवा तिथे जाड. नुसती पाहिली तर ओबडधोबड, मागे दिवा लावला की चित्र. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं, चार पाट्या लागल्या.

पाटीचा सगळ्यात पातळ भाग 0.8 मिमी धरला, कारण त्याहून पातळ नीट छापलं जात नाही. सगळ्यात जाड 3.2. कृष्णधवल फोटोत प्रत्येक ठिपक्याला 0 (काळा) ते 255 (पांढरा) असा आकडा असतो. त्यावरून जाडी काढायचं सूत्र साधंच आहे:

```
t = 3.2 - 2.4 * (p / 255)
```

म्हणजे खर्चायला आपल्याकडे 2.4 मिमी आहेत. हे 2.4 मिमी कोणावर खर्चायचे, हा खरा प्रश्न होता, पण तो मला तिसऱ्या पाटीला समजला.

पहिली पाटी प्रिंटरच्या बेडवर आडवी छापली. आडवं ठेवलं की जाडी थरांनीच वाढते, आणि माझा थर 0.2 मिमीचा. 2.4 मिमीत बारा थर, म्हणजे अख्ख्या फोटोला तेरा छटा. दिवा लावला तर आजीच्या गालावर भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्चरेषा! उपाय म्हणजे पाटी उभी छापायची. मग जाडी ठरते ती प्लास्टिक सोडणाऱ्या नोझलच्या आडव्या हालचालीने, आणि ती शतांश मिलिमीटरच्या घरात हलू शकते. थर दिसतात ते फक्त बारीक आडव्या रेषांसारखे. 130 मिमी उंचीची पाटी 0.12 च्या थरांनी उभी करायला हजाराहून जास्त थर लागतात. माझ्या प्रिंटरला त्याला जवळजवळ दहा तास लागले. उभी पाटी डुलते, म्हणून तळाशी रुंद पातळ कड, म्हणजे ब्रिम, दिला आणि वेग निम्म्यावर आणला.

दुसरी पाटी उभी, पण इन्फिल, म्हणजे आतला भराव, नेहमीचं 15 टक्केच राहिलं. आतली जाळी दिव्यासमोर लख्ख दिसत होती, जणू आजी खिडकीच्या गजांमागे उभी. इन्फिल 100 टक्केच हवं, आत हवा राहिली की हिशेब चुकतो. पण जाळी सोडली तरी चेहरा काही जमेना. आईला कळू न देता मावशीला दाखवला. ती म्हणाली, "अरे, हा चेहरा आहे की इडली?"

मावशीचं बरोबर होतं. नाक, गाल, हनुवटी सगळं एका पांढऱ्या गोळ्यात बुडालं होतं. आधी वाटलं, सूत्रच चुकलं. प्रकाश काही जाडीच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, हे वाचलं होतं. म्हणून प्लास्टिकच्या त्याच रिळातून एक छोटा जिना छापला: 0.8 पासून 3.2 पर्यंत, 0.4 च्या सात पायऱ्या. अंधाऱ्या खोलीत मागे दिवा ठेवला, काळ्या कार्डाला भोक पाडून एकेक पायरी त्यावर धरली आणि फोनच्या लक्स मीटरने उजेड मोजला. पहिल्या पायरीचा उजेड 100 धरला तर पुढच्या साधारण 67, 45, 30, 20, 13 आणि 9. प्रत्येक 0.4 मिमीला उजेड दोन तृतीयांश उरतो. हे आकडे माझ्या रिळाचे. दुसरा पांढरा घेतला तर जिना पुन्हा छापावा लागेल, कारण पांढरे सगळे सारखे पारदर्शक नसतात.

गंमत म्हणजे यावरून सूत्र बदलून पाहिलं, तर मधल्या छटांमध्ये फारसा फरक पडला नाही. फोटोतले आकडेसुद्धा उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतातच. 128 हा ठिपका पांढऱ्याच्या निम्मा नाही, सुमारे पाचव्या हिश्शाइतकाच उजेड दाखवतो. दोन वाकडेपणांनी एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतलं होतं.

घोळ दुसरीकडे होता. स्कॅनमध्ये चेहऱ्यावर माऊस फिरवून आकडे पाहिले. डोळ्यांखालच्या सावलीपासून कपाळापर्यंत सगळं 150 ते 210 च्या आत. सूत्रात घाला: 1.79 मिमी ते 1.22 मिमी. म्हणजे 2.4 पैकी जेमतेम 0.57 मिमी आजीच्या चेहऱ्याला, आणि बाकीचे नऊवारीच्या काळ्या चुण्या आणि त्या रंगवलेल्या पडद्याला! पहिल्या, आडव्या पाटीत तर चेहऱ्याला तीनच थर मिळाले होते.

मग GIMP या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये `Curves` उघडून वाटणी बदलली. 150 ला खाली ओढून 90 वर आणलं, 210 ला उचलून 230 वर. आता चेहरा 2.35 पासून 1.04 मिमीपर्यंत पसरला, 1.3 मिमीच्या वर. आधी सावलीत कपाळाच्या निम्म्याहून जास्त उजेड येत होता, आता चौथा हिस्सा येतो. याची किंमत पडद्याने आणि साडीने मोजली. 0 ते 150 मधलं सगळं 90 च्या आत कोंबलं गेलं, साडीच्या चुण्या जवळपास गेल्या. स्क्रीनवर तो फोटो भडक, अगदी वाईट दिसतो. तसाच दिसायला हवा.

तिसरी पाटी सुरेख चालली होती आणि सातव्या तासाला लाईट गेली. प्रिंटरने थांबल्या जागेवरून काम पुन्हा सुरू केलं, हाताला जोड लागतही नाही, पण दिव्यासमोर आजीच्या कपाळावर एक आडवी काळसर रेघ. कुंकवाच्या नेमकी वरून. चौथ्या वेळी शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर मागितला.

1827 मध्ये पॅरिसमध्ये पोल द बुर्गोइंगने पोर्सिलेनच्या लिथोफेनचं पेटंट घेतलं. तेव्हाचे कारागीर काचेवर मेण पसरून, मागून उजेड घेऊन, बघत बघत कोरायचे. चूक तिथल्या तिथे दिसायची. मला ती दहा तासांनी दिसत होती, म्हणून पुढच्या वेळी फक्त डोळे आणि नाकाचा चार सेंटीमीटरचा तुकडा आधी छापेन.

दिव्याचंही एक आहे. एलईडीची पट्टी पाटीला चिकटवली तर तिचे ठिपके चित्रात उमटतात. पाच सेंटीमीटर मागे सरकवून मध्ये बटर पेपर लावला, तेव्हा उजेड सारखा झाला.

साठीच्या दिवशी खोलीतले दिवे बंद करून बटण दाबलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग चष्मा लावून जवळ गेली.

"नथ कुठंय रे?"

नथीचे मोती पाटीवर एकेक मिलिमीटरचेही भरत नव्हते. 0.4 च्या नोझलला एवढ्याशा जागेत दोन रेघाही धड मावत नाहीत, आणि प्लास्टिकमध्ये उजेड बाजूलाही पसरतो. नाकाशी एक फिकट डाग होता फक्त. मी तिला तो बोटाने दाखवला.