जसंच्या तसं, पण चिनीत

"रसायनांची नावं, तापमानं, चिन्हं हे सगळं तर जसंच्या तसंच ठेवायचं असतं ना? मग ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर चिनीत नेताना तुम्ही त्या भागात करता तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, माझा सगळ्यात जास्त वेळ त्याच भागात जातो. प्रस्तावना आणि चर्चा यांत एखादं वाक्य जरा वेगळं उतरलं तरी मुद्दा पोचतो. प्रयोगाच्या भागात तसं नसतं. माझी कसोटी एकच असते: पेपर चिनीत वाचणाऱ्या केमिस्टनं फळीवरून तीच बाटली उचलली पाहिजे, तेवढंच मोजलं पाहिजे आणि त्याच तापमानाला, त्याच वेगानं ओतलं पाहिजे. त्यासाठी कागदावरची काही अक्षरं अजिबात हलवायची नसतात आणि काही मात्र संपूर्ण बदलावीच लागतात.

आधी नावांचं बघू. मराठीत आपण टोल्युईन, हेक्झेन असं उच्चाराप्रमाणे लिहून मोकळे होतो. चिनीत पिरिडीन, फ्युरान अशी काही नावं उच्चारावरून घेतलेली आहेत, पण बहुतेक नावं अर्थाच्या तुकड्यांनी बांधलेली असतात. साखळीत कार्बन किती, हे सांगायला एक ते दहापर्यंत जुन्या चिनी कालगणनेतली दहा चिन्हं वापरतात. 甲 म्हणजे एक कार्बन, 乙 म्हणजे दोन, 丙 तीन, असं करत 己 म्हणजे सहा. त्याला वर्गाचं अक्षर जोडायचं. 醇 म्हणजे अल्कोहोल, म्हणून 甲醇 मिथेनॉल आणि 乙醇 इथेनॉल. 烷 म्हणजे अल्केन, म्हणून 己烷 हेक्झेन.

रचना फार सुंदर आहे, पण निसरडीही आहे. हेक्झेनचं 己 आणि 'आधीच' या अर्थाचं 已 शेजारी ठेवून पाहा. डावीकडची रेघ जराशी वर चढली की अक्षर बदललं. स्कॅन केलेल्या पेपरातून मजकूर उचलला की 已烷 हमखास सापडतं. माणूस ते वाचताना मनात दुरुस्त करून घेतो, पण शोधयंत्राला ते सापडत नाही.

त्याहून धोकादायक त्रिकूट म्हणजे 氨, 胺 आणि 铵. तिन्हींचा उच्चार 'आन', फरक फक्त सुराचा. कीबोर्डवर an टाइप केलं की तिन्ही एकाच यादीत समोर येतात. पहिल्यात वायूची खूण आहे, ते अमोनिया. दुसरं अमाइन. तिसऱ्यात धातूची खूण आहे, ते अमोनियम, कारण अमोनियमचा आयन क्षारात सोडियमसारख्या धातूच्या जागी बसतो. म्हणून 三丁胺 हा ट्रायब्युटिलअमाइन नावाचा द्रव आणि 四丁基溴化铵 हा टेट्राब्युटिलअमोनियम ब्रोमाइड नावाचा घन क्षार. त्यात आणखी एक गाठ आहे. NH₂ हा गट नावात नुसता जोडलेला असेल तर अमोनियाचं अक्षर येतं, आणि मूळ संयुगच अमाइन असेल तर दुसरं. ॲनिलीन 苯胺 होतं, पण ४-अमिनोबेन्झोइक ॲसिडमधला अमिनो 氨基 होतो. इथे कानावर भरवसा ठेवून चालत नाही, रेणूच डोळ्यांसमोर आणावा लागतो.

आता एक वाक्य पूर्ण घेऊ. लिथियम डायआयसोप्रोपिलअमाइड, म्हणजे LDA, बनवण्याची कृती असंख्य पेपरांत असते. इंग्रजीत क्रम साधारण असा: डायआयसोप्रोपिलअमाइनच्या THF या द्रावकातल्या द्रावणात n-BuLi, म्हणजे ब्युटिललिथियम, दहा मिनिटांत थेंबथेंब घातलं, −78 °C ला, नायट्रोजनखाली. चिनीत मी ते असं लिहितो:

在N₂保护下，将二异丙胺（1.1 equiv）溶于无水THF，冷却至−78 °C，于10 min内滴加正丁基锂（2.5 M己烷溶液，1.05 equiv）。

यात तीन ठिकाणी मी थांबतो. पहिलं म्हणजे तापमानाची जागा. इंग्रजीत −78 °C वाक्याच्या शेपटीला असतं आणि ते नक्की कशाला लागू आहे हे संदर्भानं कळतं. चिनीत, मराठीसारखंच, परिस्थिती क्रियापदाच्या आधी येते. म्हणजे मला ठरवावंच लागतं: फ्लास्क आधी थंड केला आणि मग ब्युटिललिथियम घातलं. रसायनशास्त्र माहीत नसलेला भाषांतरकार 'द्रावण घातलं आणि मग −78 °C ला थंड केलं' असं लिहून बसतो. अमाइनच्या द्रावणात खोलीच्या तापमानाला ब्युटिललिथियम ओतलं तर उष्णता भसकन बाहेर पडते, फ्लास्कमधलं THF उकळू शकतं.

दुसरं म्हणजे 'दहा मिनिटांत'. इंग्रजीत इथे over हा शब्द असतो आणि त्याचा दुसरा अर्थ 'पेक्षा जास्त' असा होतो. मी तपासायला आलेल्या मजकुरात 超过10 min वाचलं आहे, म्हणजे 'दहा मिनिटांहून अधिक वेळ'. मूळ कृतीत घालण्याचा वेग सांगितला होता, इथे नुसती किमान मर्यादा उरली.

तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 正 हे अक्षर सरळ साखळी दाखवतं, इंग्रजीतल्या n- च्या जागी. ब्युटिललिथियमला ते हवंच, कारण sec- आणि tert- वेगळ्या बाटल्यांत मिळतात आणि वेगळे वागतात. पण कंसातल्या हेक्झेनला ते लावायचं नाही. पेपरात hexanes असं अनेकवचन असतं आणि तो सहा कार्बनांच्या आयसोमरांचं मिश्रण असलेला द्रावक असतो. तिथे सवयीनं 正己烷 लिहिलं की मिश्रणाचं शुद्ध एकच संयुग होऊन बसतं. एकाच ओळीत एके ठिकाणी ते अक्षर विसरायचं नाही आणि चार अक्षरं पुढे ते घालायचं नाही.

लांब नावांत आणखी एक पेच येतो. चायनीज केमिकल सोसायटीच्या १९८० च्या नियमांत छोटा गट आधी लिहायचा असे. २०१७ च्या नियमांत इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाशी जुळवून घेतलं. म्हणून 3-ethyl-2-methylhexane हे जुन्या वळणानं 2-甲基-3-乙基己烷 आणि नव्या वळणानं 3-乙基-2-甲基己烷. पदार्थ तोच. जुन्या पाठ्यपुस्तकांवर वाढलेला संपादक पहिलं रूप मागतो. मी नवं वापरतो, कारण मूळ पेपरातलं नाव शेजारी ठेवून आकडा आकड्याशी ताडता येतो. गट हलले तर आपापला आकडा सोबत घेऊनच हलले पाहिजेत. 2 मिथाइलचा आहे, तो इथाइलकडे गेला की रेणू बदलला.

चिन्हं तर कुणीही न हलवता हलतात. जुन्या वर्ड फाइलींत μ हे अक्षर सिंबॉल फाँटमध्ये m टाइप करून उमटवलेलं असतं. मजकूर चिकटवताना फाँट उडाला की μL चं mL होतं. समजा, मूळ ओळ आहे Et₃N (28 μL, 0.20 mmol). ट्रायइथाइलअमाइनचा रेणुभार १०१.२, घनता साधारण ०.७३. ०.२० मिलिमोल म्हणजे सुमारे २० मिलिग्रॅम, म्हणजे २८ मायक्रोलिटर. जुळलं. फाइलीत 28 mL दिसलं तर ते हजारपट झालं, आणि शेजारचा 0.20 mmol ते ओरडून सांगतो. तसंच अंशाचं चिन्ह कुणी शून्य वर चढवून लिहिलं असेल तर 80 °C चं 800C होतं. चिनीत स्वल्पविराम रुंद असतो, पण 1,2-二氯乙烷 मधला अरुंदच राहिला पाहिजे. कुणी शेवटी सगळे स्वल्पविराम एका फटक्यात बदलले की नावांचे तुकडे पडतात, म्हणून तो फटका मारल्यानंतर मी फाइल पुन्हा मागून घेतो.

गणितानं न सापडणारी चूक पकडायला मी उलट्या वाटेनं जातो. इंग्रजी झाकायचं, फक्त चिनी नाव वाचून कागदावर रेणू काढायचा, त्याचं सूत्र मोजायचं आणि पेपरातल्या मास स्पेक्ट्रमच्या ओळीतल्या सूत्राशी ताडायचं. सूत्र जुळलं तरी आयसोमर चुकलेला असू शकतो, म्हणून शेवटी लेखकानं काढलेल्या आकृतीवर बोट ठेवून एकेक बंध बघतो, विशेषतः अणूंची अवकाशातली मांडणी सांगणारे R आणि S, E आणि Z. विकत मिळणाऱ्या रसायनांना CAS क्रमांक, म्हणजे प्रत्येक पदार्थाचा नोंदणी क्रमांक, कामी येतो, तो कुठल्याच भाषेत बदलत नाही. डायआयसोप्रोपिलअमाइनचा 108-18-9, पुण्यातल्या बाटलीवर तोच आणि शांघायच्या बाटलीवरही तोच.

एक मोह मात्र कायम आवरावा लागतो, तो म्हणजे मदत करण्याचा. पेपरात rt, म्हणजे खोलीचं तापमान, असेल तर मी 室温 लिहितो, 25 °C लिहीत नाही. लेखकाची खोली डिसेंबरात किती थंड होती, हे मला माहीत नाही. overnight ला 过夜, बारा तास नाही. मूळ मजकूर जिथे मोघम आहे तिथे चिनीही तितकाच मोघम राहिला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की लेखकानं हे मोजलं होतं.

आणि मूळ पेपरच चुकला असेल तर? 'बर्फाच्या बाथमध्ये −78 °C ला थंड केलं' असं वाक्य समोर येतं. साध्या बर्फानं तिथवर पोचता येत नाही, त्याला ड्राय आइस आणि ॲसिटोन लागतं. बहुधा 'ड्राय' हा शब्द गळलेला असतो. पण कदाचित तापमानच चुकलेलं असेल आणि खरं 0 °C असेल. दोन्ही शक्य आहेत, आणि दोन्हींतून वेगळी अभिक्रिया निघू शकते. मी वाक्य आहे तसं चिनीत उतरवतो, समासात भाषांतरकाराची टीप लावतो आणि लेखकाला विचारतो. उत्तर आलं तर दुरुस्ती त्याच्या नावानं जाते. नाही आलं तर वाक्य आणि टीप दोन्ही तशाच छापायला जातात.