इनमेलची एक्केचाळीस क्रेडिट्स

सकाळी साडेसहाला नागपुरात हिंगण्याच्या रस्त्यावर तर्री पोह्याची प्लेट हातात होती, तेव्हाच बँकेचा मेसेज आला. परवा तुमच्या कार्डातून लिंक्डइन प्रीमियमचे पैसे वजा होतील. दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना बँकेने किमान चोवीस तास आधी द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे हा मेसेज मला जानेवारीनंतर प्रत्येक महिन्यात येत होता आणि मी तो प्रत्येक महिन्यात बोटाने बाजूला सारत होतो. त्या दिवशीही सारला. पुढे कॉम्प्रेसर वाट पाहत होता.

मी एनर्जी ऑडिटर आहे. आधी नोकरीत होतो, आता एकटाच. ऑफिस म्हणजे त्रिमूर्तीनगरातल्या घरातली मागची खोली. कारखान्यांत जाऊन वीज आणि हवा कुठे वाया जाते ते मोजायचं, हे काम. मागच्या वर्षी दिवाळीनंतर दोन महिने काहीच आलं नाही, तेव्हा घाबरून लिंक्डइनची एक महिन्याची फुकट चाचणी घेतली, ती संपली तशी बिझनेस योजना सुरू राहिली. महिन्याला जीएसटी धरून 2,200 रुपयांच्या आसपास.

त्या दिवशीचा कारखाना हिंगणा एमआयडीसीतला, सुट्या भागांचा. गळतीची चाचणी शक्यतो साप्ताहिक सुट्टीला करतात, कारण एकही मशीन हवा वापरत नसली पाहिजे. कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि स्टॉपवॉच घेऊन बसायचं. हवा कुणी वापरतच नसेल तर दाब भरल्यावर कॉम्प्रेसर गप्प बसला पाहिजे. तो पुन्हापुन्हा लोडवर येतो, म्हणजे हवा भरायला लागतो, तर ती कुठून तरी निघून जाते आहे. आमचे पाच फेऱ्यांचे सरासरी आकडे आले, लोडवर 130 सेकंद, अनलोडवर 195. म्हणजे 325 पैकी 130, चाळीस टक्के. नीट सांभाळलेल्या लाइनमध्ये ही गळती दहा टक्क्यांच्या आत राहते. मेंटेनन्सचे साहेब तो आकडा कागदावर दोनदा लिहून बघत होते.

मग पाइपलाइनवरून चालता चालता गप्पा निघाल्या. मी सहज विचारलं, ‘साहेब, माझं नाव तुम्हाला कुठून मिळालं?’

‘तुमचा तो पॅनलवाला कॉन्ट्रॅक्टर आहे ना, त्यानं सांगितलं. मग मी लिंक्डइनवर पाहिलं तुम्हाला. चार-पाच वेळा तरी पाहिलं असेल.’

चार-पाच वेळा! ‘प्रोफाइल कुणी पाहिलं’ ही यादी मी रोज रात्री जेवणानंतर उघडत असे. प्रीमियम घेण्याचं माझं निम्मं कारण तीच होती. मोफत खात्याला त्यातली मोजकीच नावं दिसतात, पैसे भरले की गेल्या वर्षभराची यादी उघडते. पण हे साहेब तिथे मला कधीच दिसले नव्हते.

‘दिसणार कसा जी? मी प्रायव्हेट मोडमध्येच पाहत असतो. नाही तर पाहिलं की दुसऱ्या दिवशी फोन सुरू. व्हॉल्व्हवाला, बेअरिंगवाला, विमावाला, सगळेच मागं लागतात.’

प्रायव्हेट मोडमधला माणूस प्रीमियमवाल्यालाही दिसत नाही, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ मी कधी नीट लावला नव्हता. ज्याच्या हातात खरेदी आहे, त्यालाच स्वतःला लपवायची गरज असते. जो लपत नाही, त्याला बहुतेक वेळा मला काही द्यायचं नसतं, माझ्याकडून घ्यायचंच असतं. माझ्या यादीतली नावं आठवून पाहिली: इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, नोकरी शोधणारी पोरं, सॉफ्टवेअर विकणारे, आणि माझ्यासारखेच तीन-चार ऑडिटर, ज्यांची प्रोफाइलं मीही बघत असे. बायको याला ‘आरशात पाहणं’ म्हणते.

‘मग प्रोफाइलवर काय पाहिलं?’ मी विचारलं.

‘ते तुम्ही राइस मिलच्या बॉयलरचं लिहिलं होतं ना, आकड्यांसकट. मोजायच्या आधी किती, मोजल्यावर किती. ते वाचलं. बाकी नाही पाहिलं.’

‘नावापुढची ती प्रीमियमची सोनेरी खूण?’

‘कोणती खूण?’

दुपारी घरी आलो, जेवलो आणि लॅपटॉप उघडला. सकाळभर दुसऱ्याची गळती मोजल्यावर आपलीही मोजावी, असं वाटलं असेल. जानेवारी ते सप्टेंबर नऊ महिन्यांचे 2,200 म्हणजे 19,800 रुपये. त्याच काळात अकरा कामं झाली होती. वहीत प्रत्येकापुढे ते कुठून आलं ते लिहिलं. सात जुन्या ग्राहकांची, दोन कॉन्ट्रॅक्टरकडून, एक लघुउद्योजकांच्या एका सभेत दिलेल्या भाषणातून आणि एक इनमेलमधून.

इनमेल म्हणजे ओळख नसलेल्या माणसाला थेट पाठवायचा संदेश. माझ्या योजनेत महिन्याला पंधरा क्रेडिट्स मिळत. न वापरलेली पुढच्या महिन्यात जमा होतात, पण पंचेचाळीसच्या वर जात नाहीत आणि नव्वद दिवसांनी जुनी बाद होतात. या हिशेबात एक गंमत आहे. समोरच्याने नव्वद दिवसांत उत्तर दिलं, अगदी ‘नको’ म्हटलं तरी, ते क्रेडिट परत मिळतं. म्हणजे क्रेडिट जातं ते मौनासाठी.

माझ्या खात्यात त्या दिवशी एक्केचाळीस क्रेडिट्स होती. सरळ सांगायचं तर गेल्या तीन महिन्यांत मी फक्त चार इनमेल पाठवले होते, आणि त्या चौघांपैकी कुणीही उत्तर दिलेलं नव्हतं. नऊ महिन्यांत मिळून चौतीस. सुरुवातीला रोज दोन पाठवायचो, मग उत्साह ओसरला, मग कामं आली, आणि काम असलं की काम शोधायला वेळ कुणाला असतो? महिन्याचं शुल्क मात्र कामाच्या महिन्यातही कापलं जात होतं.

चौतिसांपैकी सहा जणांनी उत्तर दिलं. चौघं ‘पुढे बघू’ म्हणाले. एकाने आपल्या कारखान्याची बिलं पाठवून फुकट सल्ला घेतला आणि गायब झाला. सहावा माणूस पुण्यात बसणारा, एका कंपनीच्या इंजिनीअरिंगचा प्रमुख. त्यांचा एक कारखाना बुटीबोरीत आहे. त्यांना पाठवलेला मजकूर मी पुन्हा उघडून वाचला. बाकीच्या तेहतीस संदेशांत ‘मी अमुक सेवा देतो’ असं होतं. यात मी लिहिलं होतं की तुमचा बुटीबोरीचा कारखाना माझ्या घरापासून तासाभरावर आहे, दोन शिफ्टच्या मधल्या सुट्टीत गळतीची चाचणी करून देतो, उत्पादन थांबवायला लागणार नाही, आणि पहिल्या दिवशीचा आकडा आवडला नाही तर पुढचं काम देऊ नका. पाच ओळी. चौथ्या दिवशी उत्तर आलं, महिन्याभरात काम झालं, 45,000 रुपये मिळाले.

म्हणजे 19,800 घालून 45,000 आले. सौदा वाईट नाही, असं वाटून मी लॅपटॉप मिटणारही होतो. पण ऑडिटरची खोड, आकडा एकदा तपासायचा. त्या साहेबांचं प्रोफाइल उघडलं. नावापुढे ‘सेकंड’. म्हणजे आमच्या दोघांच्या मध्ये एकच माणूस. तो माणूस कोण, तर माझ्या जुन्या नोकरीतला शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याच्या मुलीच्या वाढदिवसाला मी मार्चमध्ये गेलो होतो. त्याला एक फोन केला असता तरी ओळख झाली असती. इनमेल फुकट गेला असं म्हणता येत नाही. पण त्याच्याशिवायही काम मिळालं असतं, हे मात्र मला लपवता येत नव्हतं.

संध्याकाळी सीए मित्राला फोन केला. म्हटलं, निदान खर्चात तरी धरता येईल ना?

‘कसा धरशील? तू 44एडीएमध्ये रिटर्न भरतोस ना बावा. आलेल्या पैशाचा निम्मा भाग सरकारने आधीच नफा धरलाय. बाकीच्या निम्म्यात तुझा सगळा खर्च आला. वेगळा काही दाखवता येत नाही.’

‘आणि त्यातला जीएसटी?’

‘तुझी उलाढाल वीस लाखांच्या आत, नोंदणी नाही. मग भरलेल्या कराचं क्रेडिट कुणाकडून घेणार? ते अठरा टक्के तुझ्याच खिशातले.’

नोंदणीकृत, पूर्ण हिशेब ठेवणाऱ्या कंपनीला हेच शुल्क बरंच हलकं पडतं. माझ्यासारख्याला मात्र रुपया म्हणजे पूर्ण रुपया.

रात्री दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या. मला प्रीमियम कधी उपयोगी पडला? जेव्हा मला माणूस ठाऊक होता, कारखाना ठाऊक होता, आणि मध्ये फक्त दार होतं, तेव्हा. तेवढ्यासाठी एक महिना पुरे होता. कामाच्या ओढीत जो महिनोन्‌महिने चालू राहिला, तो माझा आळस होता, त्यात लिंक्डइनचा दोष काढायला जागा नाही. ‘कुणी पाहिलं’ या यादीसाठी मी भरत होतो ती किंमत खरं तर मनोरंजनाची होती, आणि तिची सवय लागते हेही खरं.

रद्द करायच्या पानावर गेलो. योजना मी वेबवरून घेतली होती, म्हणून तिथूनच रद्द होत होती. आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतली असती तर अ‍ॅपलच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागली असती. तिथे अडखळलो ते एक्केचाळीस क्रेडिट्सपाशी. योजना बंद झाली की साठलेली क्रेडिट्स जातात. भरलेला काळ संपेपर्यंत म्हणजे परवापर्यंत मात्र सगळं चालू राहणार होतं.

रद्द केलं. मग वहीचं नवं पान काढलं आणि विदर्भातल्या ज्या कारखान्यांच्या निर्णयाची माणसं बाहेरच्या शहरांत बसतात, त्यांची नावं लिहायला बसलो. बारा निघाली. प्रत्येकाच्या प्रोफाइलवर आधी मधला माणूस शोधला. सात जणांपाशी निघाला, त्यांच्यासाठी फोनची यादी केली. दोघांनी ओपन प्रोफाइल ठेवलेलं होतं, त्यांना क्रेडिट न मोडता लिहिता येत होतं. उरले तीन. त्या तिघांना रात्री अकरापर्यंत बसून इनमेल लिहिले, प्रत्येकी पाच ओळी, त्यांच्या त्यांच्या कारखान्याचं नाव आणि एक मोजता येण्यासारखी गोष्ट टाकून.

अडतीस क्रेडिट्स उरली. परवा ती गेली. तिघांपैकी एकाने नोव्हेंबरात उत्तर दिलं, ‘जानेवारीत बोलू’. फोनच्या यादीतल्या सातांपैकी दोघांकडे भेटी झाल्या, त्यातली एक कळमेश्वरला, जिथे चहा देता देता मेंटेनन्सवाला म्हणाला, ‘तुमचं ते बॉयलरचं वाचलंय मी.’ तोही माझ्या यादीत कधी दिसला नव्हता.