‘होम’ एवढ्या एका शब्दापायी गेलेले अकरा दिवस

धून डोक्यात होती, नाव आठवत नव्हतं. गाणं होतं की नुसतं वाद्यसंगीत, हे आधी ठरवायला हवं होतं, पण मी ते दादावर सोपवलं. त्याने पाच सेकंद ऐकून निकाल दिला, “अगं, हे गाणं आहे. मला शब्दही आठवतायत. ‘होम’ असं काहीतरी आहे त्यात.” त्या ‘होम’ने माझे अकरा दिवस खाल्ले, म्हणून चिडून लिहितेय.

तुम्हीही ‘होम’ आणि ‘साँग’ टाइप करून बघा. इतकी गाणी समोर येतात की ऐकायला आयुष्य पुरणार नाही. मग मी विशेषणं जोडत गेले: संथ, जुनं, उदास, समूहगान. एकही उपयोगी पडलं नाही, कारण उदास हा शब्द गाण्याच्या बोलांत नसतो, तो माझ्या डोक्यात असतो. बोलांवरून शोधायचं तर निदान दोन-तीन शब्द ओळीने आठवायला हवेत, तेही अवतरणचिन्हांत टाकायचे, म्हणजे त्याच क्रमाने शोधले जातात. आणि ऐकू आले तसेच लिहायचे, अर्थ लावत बसायचं नाही. आपण ऐकलेला शब्द चुकीचा असला तरी तशीच चूक केलेला आणखी कोणीतरी सापडतो. माझ्याकडे एकच शब्द होता आणि तोसुद्धा उसना.

मधल्या काळात मी स्वतःच चालीला शब्द बसवले. असं करू नका. एकदा शब्द बसले की मेंदू त्यांना खरे मानतो, आणि चौथ्या दिवशी मी माझीच ओळ अवतरणात टाकून शोधत होते!

फोनवरच्या एका ॲपलाही गुणगुणून दाखवलं. ते गप्पच. कारण नंतर कळलं. काही ॲप ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतात, म्हणजे तेच रेकॉर्डिंग खोलीत वाजत असेल तर ओळखतात. माझा आवाज त्या ठशात कुठून असणार? गुणगुणणं ओळखणारी साधनं वेगळी. ती आवाजाचा पोत बाजूला ठेवून फक्त स्वरांची चढउतार बघतात.

आता तो प्रश्न, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. माझी पहिली कसोटी होती, ‘गाता येते का?’ सहज येत होती. पहिल्या ओळीत चारच स्वर, सा, रे, ग, प, आणि श्वास घ्यायला भरपूर जागा. म्हणून मीही दादाच्या बाजूला गेले. पण ही कसोटी एकाच दिशेने चालते. मोठ्या उड्या, सलग वेगवान स्वर, श्वासाला जागा नाही, असं असेल तर बहुधा वाद्याचंच. गाण्यासारखी सोपी असली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण संगीतकार वाद्यांनाही गाण्यासारखी चाल देतात.

त्यापेक्षा बरी खूण असते पुनरावृत्तीत. शब्द असलेल्या चालीत दुसरं कडवं बहुतेकदा पहिल्यासारखं तंतोतंत येत नाही. अक्षरं कमी-जास्त झाली की एक लांब स्वर दोन छोट्यांत तुटतो, कुठे सुरुवातीला एक जादा स्वर चिकटतो. माझ्या आठवणीत चाल परत यायची तेव्हा अशी कडव्याची ओढाताण कुठेच नव्हती.

आणि सगळ्यात मोठी खूण मी दुर्लक्षित केली होती: धुनेच्या आजूबाजूला काय होतं? चाल सुरू होण्याआधी पितळी वाद्यांचे खोल, सावकाश कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. मग चाल येते ती एकाच फुंकवाद्यावर, जरासा अनुनासिक पण मऊ आवाज. पुढे कुठेतरी सूर अंधारतो आणि दुसरीच, अस्वस्थ चाल सुरू होते. मुखडा-अंतरा असा घाट नाहीच. हे सगळं मला पहिल्यापासून आठवत होतं! पण मी ते गाण्याचं ‘सुरुवातीचं म्युझिक’ समजून टाकून दिलं. (उलटही होतं, बरं का. आठवणारा तुकडा गाण्यातला मधला म्युझिक पीस असतो आणि माणूस स्वतंत्र वाद्यधून शोधत बसतो. त्या तुकड्यानंतर कोणी गायला लागतं का, हे आठवून बघा.)

नवव्या दिवशी वाद्यसंगीताच्या वाटेने गेले. इथे शब्द नसतात, म्हणून स्वरांचा आकारच टाइप करायचा. डेनिस पार्सन्सने १९७५च्या आपल्या सूचीत वापरलेली पद्धत फार सोपी आहे. पहिल्या स्वराला तारा, मग पुढचा स्वर वर गेला तर U, खाली गेला तर D, तोच राहिला तर R. ताल माहीत नको, पट्टी माहीत नको. म्युझिपीडिया या संकेतस्थळावर असा शोध घेता येतो. मी टाकलं:

```
*UDDDUUUDD
```

भलतंच काहीबाही आलं. दोन संध्याकाळी याच ओळीवर गेल्या. ओळ बरोबरच आहे अशी माझी खात्री होती, कारण मी ती वीस वेळा गुणगुणून तपासली होती. चूक गुणगुणण्यातच होती. तोंड मिटून ‘हं हं’ केलं की एकाच सुरातले लागोपाठचे दोन स्वर एकमेकांत मिसळतात. अकराव्या दिवशी वैतागून तोंड उघडून ‘ता ता’ करत गायले आणि ऐकू आलं: ग, प, प, ग, रे, सा, मग रे, ग, प, ग, रे. दोन पंचम आहेत! पहिला अगदी आखूड, दुसरा लांब. मी दोघांचा एक केला होता.

```
*URDDDUUUDD
```

यादीत संगीतकार द्वोर्झाकचं नाव दिसलं. सिंफनी क्रमांक ९, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, तिचा दुसरा, संथ भाग, लार्गो. लावलं. आधी ते पितळी कॉर्ड्स, मग इंग्लिश हॉर्नवर ती चाल. मी चक्क ओरडले.

वाद्यसंगीतात शोधाचं उत्तर असं मिळतं: रचनाकार, क्रमांक, कितवा भाग. नुसतं सिंफनीचं नाव घेऊन पहिल्यापासून ऐकायला बसलात तर वेगळाच भाग सुरू होईल आणि ‘हे ते नाही’ म्हणून बंद कराल. भागाचा क्रमांक शोधात टाकाच. छापील सूच्याही आहेत. बार्लो आणि मॉर्गनस्टर्न यांनी वाद्यसंगीताच्या थीम्सचा कोश १९४८ साली काढला आणि गायल्या जाणाऱ्या चालींचा वेगळा कोश १९५० साली. वाद्यांच्या कोशात चाली ‘सी’च्या पट्टीत आणून अक्षरानुक्रमे लावल्या आहेत, म्हणजे सा हा C, रे हा D, ग हा E, प हा G, आणि माझी चाल EGGEDC अशी शोधायची. म्हणजे कोणता कोश उघडायचा, हे त्यांच्याकडेही आधीच ठरवावं लागतं.

दादाला विजयी मुद्रेने सांगितलं, की हे गाणं नाही. तो म्हणाला, “मग ‘होम’ कुठून आलं?” परत शोधलं. सिंफनी पहिल्यांदा वाजली १८९३च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कमध्ये. १९२२ साली द्वोर्झाकचे शिष्य विल्यम आर्म्स फिशर यांनी या चालीला शब्द बसवले आणि गाण्याचं नाव पडलं ‘गोइन होम’. त्या ‘गोइन होम’मध्ये तीन अक्षरं आहेत: गो, इन, होम. ग, प, प. दादाला शब्द नीट आठवला असता तर दुसरा पंचम मला पहिल्याच दिवशी मिळाला असता, हे मी त्याला ऐकवलंच.