एप्रिल 2022 मधील घरखर्चाची फेरमांडणी

पेट्रोलचे दर 22 मार्च 2022 पासून पुन्हा वाढू लागले आणि 6 एप्रिलपर्यंत पुण्यात लिटरमागे सुमारे 110 रुपयांवरून 120 रुपयांच्या आसपास पोहोचले. त्याच सुमारास घरगुती सिलिंडर 50 रुपयांनी महागला होता, आणि युक्रेनमधील युद्धामुळे तिकडून येणारे सूर्यफुलाचे तेल अडल्याने खाद्यतेलाचे भावही चढले होते. महिनाअखेरीस हिशेबाची वही उघडली, तेव्हा इंधनाच्या 4,400 रुपयांच्या तरतुदीपुढे 5,400 रुपये खर्च दिसत होता, तर किराणा-भाजी-दुधाच्या 9,000 रुपयांपुढे तब्बल 15,300.

‘महागाई वाढली’ असे म्हणून दोन्ही रकमा सरसकट वाढवणे सोपे होते. तसे न करता प्रत्येक वाढीतील किती भाग दराचा आणि किती वापराचा, हे मी आधी वेगळे केले, कारण दर आपल्या हातात नसतो आणि वापर काही अंशी असतो. पेट्रोल पंपाच्या पावतीवर लिटर आणि दर दोन्ही छापलेले असतात, त्यामुळे इंधनाचा हिशेब चटकन लागला. पूर्वी आम्हाला महिन्याला 40 लिटर पेट्रोल पुरत असे. नव्या दराने तेवढ्याच पेट्रोलचे 4,800 रुपये झाले असते, म्हणजे दरवाढीचा भार फक्त 400 रुपयांचा होता. उरलेले 600 रुपये जास्तीच्या 5 लिटरचे होते. राज्यातील कोरोनाचे निर्बंध 2 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, उठले आणि माझ्या यजमानांचे कार्यालय पूर्णवेळ सुरू झाले, त्याचा हा परिणाम. दर उतरले तरी ही वाढ टिकणार होती. म्हणून इंधनाच्या रकान्यात मी रुपयांऐवजी ‘45 लिटर’ असे लिहिले आणि रक्कम दरमहा चालू दराने काढायचे ठरवले.

किराण्याचे कोडे मात्र वेगळेच निघाले. एप्रिलमध्ये आमच्याकडे वर्षाची साठवण होते. त्या वर्षी 34 रुपये किलोने 100 किलो गहू आणि तिखट-मसाल्यासाठी मिरची, धने वगैरे मिळून 5,200 रुपये गेले होते, आणि हा सगळा खर्च महिन्याच्या किराण्यातच नोंदला गेला होता. तो बाजूला काढल्यावर खरी वाढ 1,100 रुपयांची उरली: भाजी 500 (लिंबू नगाला दहा रुपयांवर गेले होते), तेल 200, दूध 120 आणि बाकी डाळी व किरकोळ जिन्नस. लिंबाचा चढा भाव उन्हाळ्यापुरता होता. दूध एकदा महागले की सहसा उतरत नाही. म्हणून भाजीची वाढ मी पेन्सिलीने लिहिली आणि दुधाची शाईने.

तेलाच्या बाबतीत दुकानदाराने सुचवलेली गोष्ट उपयोगी पडली. “ताई, सूर्यफूल आता एकशे नव्वदला आलंय, शेंगदाणा घ्या ना, फारसा फरक राहिला नाही,” असे तो म्हणाला. महिन्याच्या पाच पिशव्यांपैकी दोन शेंगदाणा तेलाच्या घेतल्या. बचत जवळजवळ झालीच नाही, पण त्याच पैशात घरात अधिक आवडणारे तेल आले. शिवाय फोडणीत ते कमी लागते, असे माझे मत आहे (सासूबाईंना ते मान्य नाही).

आता दरमहा किती रक्कम शोधायची, हे स्पष्ट झाले: इंधनासाठी 1,000, किराण्यासाठी 1,100, गॅससाठी 50 आणि पुढच्या वर्षीच्या साठवणीसाठी बाजूला टाकायचे 450, असे एकूण 2,600 रुपये. विम्याचा हप्ता आणि शाळेचे शुल्क यांसाठी साचवलेल्या पैशांना हात लावायचा नाही, कारण त्यांची तारीख ठरलेली असते आणि तिथला खड्डा ऐन वेळीच दिसतो. बाहेरचे खाणे 3,000 वरून 1,800 वर आणले, कपड्यांचे 1,500 रुपये 900 केले आणि ‘किरकोळ’ हा 800 रुपयांचा रकाना सरळ बंद केला. त्या महिन्यातील साठवणीचे 5,200 रुपये उन्हाळी सहलीसाठी ठेवलेल्या पैशांतून भागवले. मुले नाराज झाली, पण उधारीवर गहू भरण्यापेक्षा ते परवडले.

केंद्राने 21 मे रोजी उत्पादन शुल्कात कपात जाहीर केली आणि पेट्रोल 111 रुपयांच्या आसपास आले. 45 लिटरचे सुमारे 5,000 रुपये झाले, म्हणजे जवळपास 400 रुपये मोकळे झाले. ते बाहेरच्या खाण्याकडे परत न वळवता गॅस आणि किराण्याकडे टाकले, कारण 7 मे रोजी सिलिंडर आणखी 50 रुपयांनी वाढला होता आणि वाण्याचे बिल काही खाली आले नव्हते.