बोरोसिलिकेट काचेचा व्हिस्कॉसिटी कर्व्ह फिट केला त्याचा अनुभव

आमच्याकडे लॅबची काचेची उपकरणं बनतात, बर्नरवर जोडकाम होतं आणि नंतर काचेतला ताण सुटावा म्हणून सगळं अ‍ॅनीलिंग ओव्हनमध्ये जातं. ओव्हनचा प्रोग्रॅम नवीन लिहायचा होता, ते काम माझ्याकडे आलं. काच ३.३ बोरोसिलिकेट. हातात कॅटलॉगमधले तीनच आकडे, वर्किंग पॉइंट १२६०, सॉफ्टनिंग ८२५ आणि अ‍ॅनीलिंग ५६० डिग्री सेल्सिअस.

हे पॉइंट म्हणजे बर्फ वितळतो तसं एखादं ठरलेलं टेंपरेचर नव्हे. काच हळूहळूच घट्ट होत जाते, आणि व्हिस्कॉसिटीच्या ठराविक किमतींना लोकांनी नावं देऊन ठेवलीत एवढंच. पॉइजमध्ये मोजलं तर तिचा लॉग वर्किंगला ४, सॉफ्टनिंगला ७.६ आणि अ‍ॅनीलिंगला १३. पास्कल-सेकंदात प्रत्येक आकडा १ ने कमी होतो, त्यामुळे दोन ठिकाणचा डेटा एकत्र घेताना आधी युनिट बघा, नाहीतर कर्व्हला मधेच एक पायरी पडते आणि ती का पडली ते शोधत बसावं लागतं.

सॉफ्टनिंग पॉइंट मोजायची पद्धत मला फार आवडली. साधारण ०.६५ मिमी जाडीचा, २३५ मिमी लांब काचेचा धागा छोट्या भट्टीत टांगायचा, मिनिटाला ५ डिग्रीने तापवायचं, आणि तो स्वतःच्याच वजनाने मिनिटाला १ मिमी लांबायला लागला की टेंपरेचर लिहून घ्यायचं. आमच्या काचेचा धागा ८२० च्या पुढे तिथे पोचला, म्हणजे कॅटलॉगवर भरवसा ठेवायला हरकत नव्हती.

आता फिट. कॉलेजात शिकलेलं अर्‍हेनियस, म्हणजे लॉग व्हिस्कॉसिटी विरुद्ध 1/T ची सरळ रेघ, इथे T केल्व्हिनमध्ये, आधी तेच करून बघितलं. वरच्या दोन पॉइंटमधून जाणारी रेघ खाली ५६० पर्यंत ओढली तर लॉग ११.६ येतो, पाहिजे १३, म्हणजे व्हिस्कॉसिटी वीसेक पट कमी दिसते! काच थंड होताना रेघेपेक्षा जास्त जोरात घट्ट होते, म्हणून व्होगेल-फुल्चर-टामान समीकरण लागतं:

```python
from scipy.optimize import curve_fit
def vft(T, A, B, T0):
    return A + B/(T - T0)
T = [1260, 825, 560]
y = [4, 7.6, 13]
p, c = curve_fit(vft, T, y, p0=[-2, 7000, 100])
```

फिट लॉगवरच करायचा. नुसत्या व्हिस्कॉसिटीवर केला तर अ‍ॅनीलिंगचा प्रचंड आकडा बाकी दोघांना गिळून टाकतो. आणि T0 चा पहिला अंदाज सगळ्यात कमी टेंपरेचरच्या बराच खाली ठेवा, वर ठेवलात तर भाजकाचं चिन्हच उलटतं आणि फिट भलतीकडे जातो. उत्तर आलं A = -2.155, B = 7255, T0 = 81.3.

कर्व्ह तिन्ही पॉइंटमधून अगदी बरोब्बर गेला, पण त्यात खूश होण्यासारखं काही नाही कारण अज्ञातही तीनच आहेत. प्रोग्रॅमही कोव्हेरियन्स काढता येत नाही अशी वॉर्निंग देतो आणि c मध्ये सगळीकडे inf. खरी परीक्षा चौथ्या पॉइंटची. स्ट्रेन पॉइंट म्हणजे लॉग १४.५, कर्व्हवरून तो ५१७ ला येतो, आणि या जातीच्या काचेच्या डेटाशीटमध्ये ५१० ते ५१८ असे आकडे दिसतात. म्हणजे जमलं. शिवाय ६०० ला बीम वाकवून मोजलं तेव्हा लॉग ११.९ मिळाला, कर्व्ह म्हणतो ११.८.

पण ५६० च्या खाली मोजायचं तर जरा जपून. तिथे काचेची आतली रचना टेंपरेचरच्या मागे पडलेली असते, त्यामुळे झटकन थंड केलेला तुकडा कर्व्हपेक्षा पातळ वागतो. ओळखायचं कसं, तर टेंपरेचर स्थिर ठेवून बघत राहा, लांबण्याचा वेग तासागणिक कमी होत गेला तर काच अजून सेटल झालेली नाही, आणि तो आकडा फिटमध्ये घालू नका.

या सगळ्यातून ओव्हनसाठी सगळ्यात उपयोगी पडला तो कर्व्हचा उतार. १२६० ला थर्मोकपल १० डिग्रीने चुकला तर व्हिस्कॉसिटीत १३ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, ५६० ला तेवढ्याच चुकीने ती दुप्पट किंवा निम्मी होते. अ‍ॅनीलिंग पॉइंटला ताण काही मिनिटांत सुटतो, स्ट्रेन पॉइंटला त्याच कामाला तास लागतात. म्हणून मी आधी थर्मोकपल भट्टीच्या भिंतीजवळून काढून मालाच्या ट्रेशेजारी आणला, मग ५६० ला होल्ड, तिथून ५०० पर्यंत एकदम हळू उतार, आणि त्याच्या खाली जरा वेगाने, फक्त जाड बुडाच्या फ्लास्कना तिथेही घाई नाही.