एक्झिट इंटरव्ह्यूच्या रेकॉर्डिंगमधून एचआरचा सारांश काढताना

नोकरी सोडणारा माणूस मुलाखतीत पहिलं जे कारण सांगतो ते बहुतेक वेळा सांगायला सोपं असतं. रिलिव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल हिशेबाचे पैसे अजून हातात पडायचे असतात, त्यामुळे तो कोणाला दुखावत नाही. सारांश लिहिणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांवर भिस्त ठेवली, तर फाइलमध्ये सगळ्यांच्या नावापुढे ‘चांगला पगार’ एवढंच जमा होतं.

म्हणून मी रेकॉर्डिंग आधी पूर्ण ऐकते, काही न लिहिता. सुरुवातीला रेकॉर्डिंगला दिलेली संमती ऐकू येते का, तेही तेव्हाच तपासते. दुसऱ्यांदा ऐकताना वेळ टाकत टिपण करते. शब्दन् शब्द उतरवायचा तर रेकॉर्डिंगच्या साधारण चौपट वेळ लागतो, म्हणून कारणं आणि सूचना आल्या तेवढेच भाग मी जसेच्या तसे उतरवते. मात्र त्या भागातला मुलाखत घेणाऱ्याचा प्रश्न कधीच गाळत नाही.

चाकणच्या एका कारखान्यातल्या क्वालिटी इन्स्पेक्टरची ३८ मिनिटांची मुलाखत उदाहरण म्हणून घेऊ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ४:१० ला प्रश्न आहे, “मग पगार हेच कारण ना?” उत्तर, “हो, तेही आहेच.” प्रश्नातच उत्तर भरवलेलं आहे आणि त्या उत्तरातल्या ‘तेही’मुळे आणखी काहीतरी शिल्लक आहे हे कळतं. २१:३५ ला बसच्या सोयीबद्दल विचारलं असताना ती आपणहून म्हणते, “मॅडम, खरं सांगू का, रविवारी रात्री ग्रुपवर मेसेज येतो तेव्हा कळतं सोमवारी कुठली शिफ्ट आहे. घरी लहान मूल आहे, सासूबाईंना दर वेळी ऐनवेळी कसं सांगणार?” २६:०० ला ती पुन्हा त्याच विषयावर येते. ३१:२० ला विचारलं, “काय झालं असतं तर थांबला असता?” ती म्हणाली, “आठवडाभर आधी शिफ्ट कळली असती तर दुसरीकडे बघितलंच नसतं.”

हे सारांशात मी असं मांडलं:

मुख्य कारण: शिफ्ट ऐनवेळी कळणं. आपणहून सांगितलं, पुन्हा उल्लेख केला, थांबण्याची अटही तीच (२१:३५, २६:००, ३१:२०).
दुय्यम कारण: पगार. विचारल्यावर दुजोरा दिला (४:१०).
तिची सूचना: शिफ्टचं वेळापत्रक आठवडाभर आधी लावावं.
एचआरचा अंदाज: बसच्या मार्गाशी शिफ्टबदलाचा संबंध असावा. तपासलेलं नाही.

शेवटची ओळ वेगळी ठेवण्याबाबत मी फार आग्रही आहे. आपला अंदाज तिच्या वाक्यांत मिसळला की तिच्या तोंडी न बोललेलं घातलं जातं, आणि वर वाचणाऱ्या प्लांट हेडला ते ओळखता येत नाही. क्रियापदंही तशीच जपावी लागतात. ‘सुपरवायझर पक्षपात करतो’ असं लिहिलं की तो निष्कर्ष होतो. ‘जड लाइन ठरावीक लोकांनाच मिळते, असं तिला वाटतं; दोन प्रसंग सांगितले’ असं लिहिलं की ते तिचं म्हणणं राहतं. ‘सगळेच वैतागलेत’ हे वाक्य फक्त तिच्या अनुभवाइतकंच धरायचं. उलट ‘कर्मचारी भावनिक झाली’ असले शेरे काढून टाकायचे, त्याने तिचं म्हणणंच हलकं होतं.

नावाऐवजी पद लिहिलं की ओळख लपते, हा समज धोक्याचा आहे. लाइनवर एकच महिला इन्स्पेक्टर असेल तर ‘लहान मूल’ एवढ्यावरूनही कळतं कोण बोललं. विभागाकडे जाणाऱ्या प्रतीत मी ‘घरची जबाबदारी’ लिहिते आणि अशा तीन-चार मुलाखती एकत्र झाल्याशिवाय ती पुढे पाठवत नाही.

मुलाखतीत लैंगिक छळाचा उल्लेख आला तर तो भाग या सारांशात घालायचाच नाही. २०१३च्या कायद्यानुसार तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी जाते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीला योग्य कारण दिसलं तर आणखी तीन महिने वाढवता येतात. नोकरी सुटल्यावरही ही मुदत चालूच असते, म्हणून त्या व्यक्तीला हे त्याच दिवशी सांगायचं आणि लेखी तक्रार करायला मदत द्यायची. गोपनीयता कायद्यानेच बंधनकारक आहे.

सारांशाचा मसुदा नोकरी सोडणाऱ्या व्यक्तीला तिच्या शेवटच्या दिवसाच्या आधी वाचायला देते आणि हिशेबाशी याचा संबंध नाही हे स्पष्ट सांगते. चाकणच्या त्या इन्स्पेक्टरने मी उतरवलेल्या भागातून ‘सासूबाई’ काढायला सांगितलं, ते काढलं. पगार दुय्यम म्हणून लिहिलाय, तो तसाच ठेवा म्हणाली.