मृगाच्या आधी परत

अमेरिकेतल्या विमानतळांवर इमिग्रेशन अधिकाऱ्याला प्रवाशाची भाषा येत नसेल तर तो दुभाष्याला फोन लावतो. मराठीसाठी येणारे असे फोन मी घेते. समोरचे चेहरे मला कधीच दिसत नाहीत. एकाचं बोलणं दुसऱ्याला जसंच्या तसं सांगायचं, पदरचा एकही शब्द घालायचा नाही, गाळायचा नाही आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही, एवढंच माझं काम. त्या दिवशीच्या फोनइतका हा नियम मला कधी जड गेला नव्हता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

डिसेंबरातली सकाळ होती. साठीच्या एक बाई मुंबईहून पंधरा-सोळा तासांचा प्रवास करून उतरल्या होत्या. विमानात बसण्याची पहिलीच वेळ. काउंटरवर उत्तरं जुळेनात म्हणून त्यांना आतल्या खोलीत बसवलं होतं. तिथे फोन वापरू देत नाहीत, त्यामुळे बाहेर थांबलेल्या मुलाशी बोलायची सोय नव्हती.

अधिकाऱ्याची अडचण साधी होती. व्हिसाच्या अर्जात किती दिवस राहणार हे लिहावं लागतं आणि तो अर्ज अधिकाऱ्याला स्क्रीनवर दिसतो. यांच्या अर्जात होतं दोन महिने, मुलाकडे राहून फिरायला. परतीचं तिकीट मात्र मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातलं. काउंटरवर विचारल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "सहा महिने, नातवासाठी." तसं सांग, असं मुलाने पढवून पाठवलं होतं.

"अर्जात दोन महिने का लिहिलंत?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग हळू आवाजात त्या मला म्हणाल्या, "ताई, काय सांगू गं आता?"

उत्तर मला दिसत होतं. त्यांना अर्जाची तारीख आठवून द्यायची, एवढंच. पण ते माझ्या हातात नव्हतं. मी इंग्रजीत तेवढंच सांगितलं: "ताई, आता काय सांगू?"

त्या प्रश्नाने अधिकाऱ्याचा सूर बदलला असं मला वाटतं. त्याने अर्ज पुन्हा पाहिला असावा, कारण पुढचा प्रश्न वेगळा आला. "तुम्ही मुंबईत मुलाखतीला गेलात तेव्हा सुनेला दिवस गेले होते का?"

"नाही हो! तेव्हा नुकतं लग्न झालं होतं त्यांचं. त्याला दीड वर्ष होऊन गेलं. अर्ज पोरानेच भरला होता. आता बाळ झालंय, महिन्याचं आहे. सिझर झालंय तिचं."

म्हणजे अर्ज खोटा नव्हता. तो भरल्यावर घरातली परिस्थिती बदलली होती, आणि पाठ केलेल्या उत्तरात नेमकं तेच राहून गेलं होतं.

पण एवढ्यावर सुटका नव्हती. पर्यटक व्हिसावर आजी नातवंडासोबत राहू शकते, पैसे घेऊन काम करू शकत नाही. पगारी बाई ठेवण्याऐवजी आजीला आणलंय असा संशय आला की प्रश्न वाढतात.

"बाळाला सांभाळायचे मुलगा तुम्हाला पैसे देणार आहे का?"

मी विचारलं. बाईंचा आवाज एकदम चढला. "नातवाला सांभाळायचे पैसे? माझं रक्त आहे ते!" मी तेही तसंच, त्याच जोराने सांगितलं. राग गाळला तर उत्तर अर्धंच पोहोचतं.

"मग मे महिन्यातच परत का जाताय?"

"मृग लागायच्या आत घरी पोचायला नको? शेत नांगरून ठेवलेलं असतंय. पहिला पाऊस झाला की सोयाबीन पेरायचं. दोन गाई जावेकडे सोपवून आलेय, तिचंही घरचं असतंयच की."

मृग म्हणजे काय, असं त्याने विचारलं. मी तो प्रश्न बाईंकडेच दिला. त्यांनी सांगितलं: सात-आठ जूनला लागतो, त्यावर पेरणी ठरते. बी-बियाण्याचं, विहिरीच्या पाण्याचंही सांगत सुटल्या. आता ते घाबरलेल्या माणसाचं बोलणं राहिलं नव्हतं. माणूस परत जाणार की नाही, हे अधिकाऱ्याला ठरवायचं असतं. माझ्या मते ते त्याला इथे कळलं.

त्याने मुलाला फोन लावून बाळाचं आणि तिकिटाचं विचारून खात्री केली. सहा महिने मंजूर झाले.

शेवटी त्याने एक गोष्ट दोनदा सांगायला लावली. "पासपोर्टमधल्या व्हिसावर दहा वर्षांची तारीख आहे, तिच्यावर जाऊ नका. तो दारापर्यंत येण्याचा परवाना आहे. किती दिवस राहता येईल ते आय-९४ या नोंदीत असतं. ती मुलाला ऑनलाइन बघायला सांगा. त्या तारखेच्या आत निघायचं." बाईंनी तारीख विचारली. जूनचा पहिला आठवडा.

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "मी त्याच्या आधीच जाते." अधिकाऱ्याने आभार मानले आणि फोन ठेवला.